‘थांबते’ म्हणजे काय? बंद दाराच्या कवितेवरचा एक वाद

आधी कविता. दहा ओळींची आहे. मला ती नावाशिवाय मिळाली आणि मी ती तशीच दोन मैत्रिणींपुढे ठेवली.

दार बंद आहे.
उंबऱ्यावरची धूळ
कुणीतरी आजच झाडली आहे.

मी हाक मारत नाही.
आतल्या दिव्याची रेघ
पायांशी येऊन थांबते.

कडी आतूनच असते म्हणतात.
मी बाहेर बसून
रात्र होऊ देतो.

दार अजून बंद आहे.

दोघींची खरी नावं देत नाही. एकीला सुमन म्हणू, दुसरीला वैजू. दोघी अनेक वर्षं एकमेकींसोबत कविता वाचत आल्या आहेत, त्यामुळे भीड नाही. मी दोघींना हाताने उतरवलेली एकेक प्रत दिली आणि एवढंच सांगितलं की शांतपणे दोनदा वाचा, मग कविता तुम्हाला कशी वाटली ते एका वाक्यात लिहा. सुमनने लिहिलं, ‘आत कुणीतरी आहे, आणि हे ठाऊक असलेल्या माणसाची ही आशेची कविता आहे.’ वैजूने लिहिलं, ‘आत कुणीतरी असूनही दार उघडत नाही, याहून उदास काय असणार?’

दोन्ही वाक्यांत ‘आत कुणीतरी आहे’ हे समान आहे, याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. दोघी पुराव्यावर भांडत नव्हत्या. पुरावा दोघींना मान्य होता. त्यातून काय निघतं, यावर भांडण होतं.

सुमनने सुरुवात केली ती धुळीपासून.

“अगं, ‘आजच’ बघ ना. नुसतं ‘झाडली आहे’ म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. आजच झाडली, म्हणजे आज कुणीतरी हे दार उघडून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. बंद दाराच्या कवितेत पहिल्याच कडव्यात दार उघडल्याची खूण आहे.”

“खूण आहे, मान्य,” वैजू म्हणाली. “पण धुळीत काय असतं? पावलं असतात. येऊन गेलेल्या माणसाची पावलं. ती झाडून टाकली. कुणीतरी आज दार उघडलं, हा माणूस काल इथे बसला होता याचा माग पुसला आणि परत आत गेलं.”

“काल बसला होता हे कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. पण पावलं नव्हती असंही लिहिलेलं नाही.”

इथे मी पहिल्यांदा मध्ये पडलो. वैजूचं वाचन देखणं होतं, पण ‘नाही असं लिहिलेलं नाही’ ही कविता वाचायची रीत होऊ शकत नाही. त्या वाटेने कोणत्याही कवितेत काहीही घालता येतं. पावलं कवितेत नाहीत. धूळ आहे, झाडणं आहे, आज आहे, आणि ‘कुणीतरी’ आहे. या ‘कुणीतरी’पाशी मात्र वैजूला खरा आधार मिळतो, आणि तो तिने स्वतःच शोधला.

“बरं, पावलं सोडली. पण ‘कुणीतरी’ का? ज्याच्या दारात तो बसलाय त्याला तो ओळखतो ना? मग ‘तिने झाडली’ का नाही, ‘त्यांनी’ का नाही? आतल्या माणसाचं नावही त्याच्या तोंडात येत नाही, सर्वनामही येत नाही. एवढं अंतर पडलंय.”

सुमन यावर थोडा वेळ गप्प बसली. या एका शब्दाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिने ते प्रामाणिकपणे कबूल केलं.

मग दिव्याची रेघ. सुमनला ती कवितेतली सर्वांत उजळ जागा वाटत होती आणि वैजूला सर्वांत दुखरी. पंधरा मिनिटं दोघी जोरात बोलत होत्या आणि भांडण जराही पुढे सरकत नव्हतं. सुमन म्हणत होती, “उजेड त्याच्यासाठी थांबतो.” वैजू म्हणत होती, “उजेड त्याच्यापाशी थांबतो.” दोघींना वाटत होतं, आपण एकाच शब्दाबद्दल बोलतोय. मी दोघींची वाक्यं कागदावर एकाखाली एक लिहिली, तेव्हा कुठे गाठ दिसली.

मराठीत ‘थांबणे’ हे क्रियापद दोन कामं करतं. ‘गाडी फाटकापाशी थांबली’ म्हणजे तिची गती संपली. ‘मी तुझ्यासाठी थांबलो’ म्हणजे मी वाट पाहिली. पहिल्यात शेवट आहे, दुसऱ्यात पुढे काही व्हायचं बाकी आहे. रोजच्या बोलण्यात कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचा शब्द सांगतो: ‘पाशी’ आणि ‘पर्यंत’ गती संपल्याकडे नेतात, ‘साठी’ वाट पाहण्याकडे. कवितेत आहे ‘पायांशी येऊन थांबते’. ‘पायांशी’ हे रूप पहिल्या अर्थाकडे झुकतं. पण ‘येऊन’ हा शब्द उजेडाला चालतं करतो, जवळ येणारी व्यक्ती करतो, आणि व्यक्ती पायांशी येऊन थांबली की आपण लगेच वाट पाहण्याचा अर्थ घेतो. ओळ अशी बांधली आहे की एक शब्द एका बाजूला ओढतो, दुसरा दुसऱ्या बाजूला.

याची परीक्षा सोपी आहे. शब्द बदलून बघायचा. मी सुमनला म्हटलं, ‘पायांशी येऊन संपते’ असं वाच. तिने वाचलं आणि मान हलवली. “नाही, मग माझी कविता गेली.” वैजूला म्हटलं, ‘पायांशी येऊन वाट पाहते’ असं वाच. ती म्हणाली, “शी, हे भेटकार्डावरचं झालं.” दोन्ही पर्याय वाचून दोघींनी, मी न सांगता, मूळ शब्द परत जागेवर ठेवला. एखादा शब्द बदलल्यावर दोन विरुद्ध मतांच्या वाचकांना सारखंच चुकल्यासारखं वाटलं, तर त्या शब्दाच्या दोन्ही बाजू कवितेला हव्या आहेत, असं मी मानतो. ‘थांबते’चा एकच अर्थ खरा ठरवणं म्हणजे तो शब्द बदलण्यासारखंच आहे.

वैजूने इथे एक रास्त शंका काढली. “म्हणजे तू दोघींना बरोबर म्हणून मोकळा होणार का?”

नाही. एका शब्दाला दोन अर्थ आहेत म्हणून सगळी कविता दोन्हीकडे सारखी झुकते, असं होत नाही. बाकीच्या ओळींना आपलं वजन असतं. शिवाय दिवा आणि रात्र या दोन शब्दांबाबत दोघींच्या मतांत कवितेपेक्षा सवयच जास्त बोलत होती, हेही मला दिसत होतं. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या होत्या आणि ते कुठे कुठे अडखळले हे 1929 मध्ये पुस्तकरूपाने मांडलं. त्यांनी नोंदवलेल्या अडचणींपैकी एक इथे तंतोतंत लागू पडते: वाचकाच्या मनात आधीपासून तयार असलेला प्रतिसाद, जो कवितेतल्या नेमक्या शब्दाची वाट न पाहता शब्द दिसताच सुटतो. दिवा म्हटलं की आशा, रात्र म्हटलं की अंत. सुमनचा हात पहिल्यावर पडला, वैजूचा दुसऱ्यावर.

म्हणून मी सुचवलं की थोडा वेळ दिवा आणि रात्र दोन्ही बाजूला ठेवू, आणि ज्या शब्दांना असा तयार प्रतिसाद नाही त्यांच्यावरच बोलू. उरले ‘आतूनच’, ‘म्हणतात’, ‘होऊ देतो’, ‘अजून’. आणि एक पूर्ण ओळ, जिच्याकडे तोपर्यंत दोघींपैकी कुणीही पाहिलं नव्हतं.

‘कडी आतूनच असते म्हणतात’ ही ओळ सुमनला फार प्रिय. तिचं म्हणणं, कडी आतून लागली याचाच अर्थ लावणारा आत आहे. बाहेरून कुलूप असतं तर घर रिकामं. आतून कडी असणं ही माणूस असल्याची सर्वांत पक्की खूण. वैजूने लगेच ‘च’वर बोट ठेवलं. “आतूनच. म्हणजे बाहेर बसलेल्याच्या हातात काहीही नाही. आणि पुढे ‘म्हणतात’ आहे. त्याने कडी पाहिलेली नाही, दार ढकलून बघितलेलं नाही, लोकांचं ऐकून बसलाय.”

‘म्हणतात’बद्दल वैजूचं निरीक्षण मला त्या संध्याकाळचं सर्वांत मोलाचं वाटतं, पण त्याने तिचीच बाजू थोडी कच्ची होते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. सुमनच्या आलं. “अगं, मग दार नुसतं लोटलेलंही असेल! पहिल्या ओळीत ‘बंद’ म्हटलंय, ‘कडी लावलेली’ कुठे म्हटलंय?” कवितेत दाराबद्दल पक्की माहिती एवढीच आहे की ते बंद आहे. कडी ही ऐकीव गोष्ट आहे. आणि ‘असते’ हे रूप बघा. ‘कडी आतून आहे’ म्हटलं असतं तर ते या दाराबद्दल झालं असतं. ‘असते’ म्हटल्यावर ते दारांबद्दलचं सर्वसाधारण विधान होतं, जसं ‘मांजर दबकत चालतं’. हा माणूस समोरच्या दाराबद्दल बोलायच्या वेळी सगळ्या दारांबद्दलचं ऐकलेलं वाक्य पुढे करतो.

मग ‘अजून’वर आलो. शेवटची ओळ पहिल्या ओळीचीच आहे, मध्ये एक शब्द घातलेला. सगळा फरक त्या शब्दात असणार, हे दोघींना मान्य. सुमन म्हणाली, “जे कधी बदलणारच नाही त्याला आपण ‘अजून’ लावत नाही. ‘मूल अजून झोपलंय’ म्हणतो, कारण ते उठणार आहे. ‘दगड अजून दगड आहे’ असं कोण म्हणतं?”

हा मुद्दा व्याकरणाने बरोबर आहे. ‘अजून’ दोन गोष्टी गृहीत धरतो: स्थिती आधीही अशीच होती, आणि ती बदलू शकेल असं बोलणाऱ्याच्या मनात आहे. पण वैजूचं उत्तरही तितकंच बरोबर होतं, आणि ते तिने हळू आवाजात दिलं. “ताप अजून उतरला नाही. पत्र अजून आलं नाही. यातही ‘अजून’ आहे, सुमन. यात आशा कुठे ऐकू येते तुला?”

ऐकू येते, पण बोलणाऱ्याची. जगाची नाही. ‘अजून’ने एवढंच कळतं की बोलणारा वाट पाहतोय. तो ज्याची वाट पाहतोय ते घडेल की नाही याबद्दल तो शब्द काही सांगत नाही. मला वाटतं, या वादातली खरी फट इथेच आहे. ‘कविता आशेची आहे’ या वाक्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. कवितेतल्या माणसाला आशा आहे का? त्याच्या परिस्थितीत आशेला जागा आहे का? आणि कविता त्या दोन्हींकडे कोणत्या नजरेने पाहते? सुमन पहिल्या प्रश्नाला उत्तर देत होती. वैजू तिसऱ्याला. आणि दोघींना वाटत होतं की समोरची आपल्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देते आहे.

याच सुमारास माझी एक चूक उघडकीला आली. वैजूने शेवटची ओळ दाखवायला कागद उलटा केला, आणि सुमनने विचारलं, “तू मागे काय बघतेस?” वैजूच्या प्रतीत मी अक्षर मोठं काढलं होतं. नऊ ओळी पुढच्या बाजूला बसल्या आणि दहावी पाठीमागे गेली. सुमनच्या प्रतीत सगळी कविता एका पानावर होती, पण जागा कमी पडल्यामुळे शेवटच्या ओळीआधीची मोकळी ओळ मी गाळली होती. म्हणजे सुमनने ‘रात्र होऊ देतो’ला जोडून, त्याच दमात ‘दार अजून बंद आहे’ वाचलं. वैजूने पान उलटलं आणि कोऱ्या कागदावर एकट्या उभ्या असलेल्या त्या चार शब्दांना सामोरी गेली.

मी दोघींची क्षमा मागितली आणि प्रती अदलाबदल करून मोठ्याने वाचायला सांगितलं. सुमनने वैजूची प्रत वाचली. पान उलटताना तिचा आवाज थांबला, आणि ओळ वाचताना जोर ‘बंद’वर गेला. आधी तिने जोर ‘अजून’वर दिला होता. “हं,” ती म्हणाली, “असं वाचलं की ओळ खाली पडते.” वैजूने सुमनची प्रत वाचली तेव्हा उलट झालं: ओळ मागच्या वाक्याच्या ओघात आली आणि नुसती नोंद वाटली, जशी कुणी वेळ सांगावी. मूळ रचना या दोन्हींच्या मधली आहे. एक मोकळी ओळ, मग शेवटची ओळ. तेवढा श्वास घेऊन वाचलं तर जोर कुठे द्यायचा हे वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे. कविता उतरवताना कडव्यांमधली रिकामी जागा हा मजकूर आहे, हे मला माहीत होतं. तरी कागद पुरवण्याच्या नादात मी ती गाळली, आणि दोघींच्या मतभेदाचा काही भाग माझ्या हस्ताक्षरातून आला. काहीच भाग. प्रती दुरुस्त केल्यावर दोघी जवळ आल्या, एक झाल्या नाहीत.

आता ती ओळ, जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. ‘मी हाक मारत नाही.’

मी विचारलं, “याचं काय करायचं?”

सुमन म्हणाली, “तो धीर धरून आहे. घाई करत नाही.” मग स्वतःच अडली. “पण आत माणूस आहे हे कळल्यावर धीर कशाला? हाक मारायला काय हरकत?”

वैजू म्हणाली, “आधी मारली असेल, उत्तर आलं नसेल.” आणि तीही अडली. “तसं असतं तर ‘आता मारत नाही’ म्हटलं असतं.”

दोघींनी एकेक पळवाट काढून बघितली आणि ती आपल्याच हाताने बंद केली. ती बघताना मला फार समाधान वाटलं, कारण वाचन इथून पुढे खरं सुरू झालं. ओळ साध्या वर्तमानात आहे. ‘मारली नाही’ असतं तर एक घटना झाली नसल्याची नोंद असती. ‘मारत नाही’ ही चालू ठेवलेली कृती आहे, क्षणोक्षणी न मारणं. ‘रात्र होऊ देतो’मध्येही तेच. रात्र तर होणारच आहे, तिला कुणाची परवानगी लागत नाही. तरी तो ‘होऊ देतो’ म्हणतो, म्हणजे थांबवता येण्यासारखं काहीतरी तो होऊ देतोय. ते रात्र होणं नसणार. हाक न मारताच वेळ जाणं असणार.

सुमनने इथे एक जुना दाखला काढला, आणि तो निघायलाच हवा होता. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. घरी आलेल्या वाटसरूला तरुण स्त्री सांगते: सासू इथे झोपते, मी इथे, दिवसाउजेडी नीट पाहून ठेव, रातांधळ्या पांथस्था, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. नवव्या शतकात आनंदवर्धनांनी ध्वन्यालोकात हीच गाथा घेतली आणि दाखवलं की शब्दांत निषेध आहे, सुचवलेलं मात्र आमंत्रण आहे. “मग,” सुमन म्हणाली, “शब्दांत ‘नाही’ असून अर्थ ‘ये’ असू शकतो. हाक मारत नाही, हीच त्याची हाक असेल.”

दाखला सुंदर आहे, पण इथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही यात या कवितेचं मर्म आहे असं मला वाटतं. गाथेतलं ‘येऊ नकोस’ उलटं होतं, कारण ते कुणाला तरी सांगितलेलं आहे. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, शेजारी सासू ऐकते आहे, हे सगळं कळल्यावर निषेधातून आमंत्रण उमलतं. आपल्या कवितेत ऐकणारा नाही. तो दाराला उद्देशून बोलत नाही, आतल्या माणसाला उद्देशून तर नाहीच. दहा ओळींत एकही संबोधन नाही. जे कुणाला ऐकवलेलंच नाही त्यातून आत काही सुचवलं जाणार कसं? त्याचं मौन आतल्याला मौन म्हणूनही कळणार नाही. आत बसलेल्याला बाहेर कुणी आहे हेच ठाऊक नसेल.

हे बोललो तेव्हा वैजू म्हणाली, “म्हणजे उदास कविता. माझंच खरं.”

मी तिच्याशी सहमत नाही, आणि तिला तसं सांगितलं. तिचं उदास वाचन ‘आतला माणूस दार उघडत नाही’ यावर उभं होतं. कवितेत तसं कुठेही नाही. हाकच मारलेली नाही, तर नकार कसला? घराकडून जे काही येतं ते सगळं चांगलं आहे: झाडलेला उंबरा, लावलेला दिवा, पायांपर्यंत आलेला उजेड. नाही म्हणणारा शब्द कवितेत एकदाच येतो आणि तो बाहेरच्या माणसाच्या क्रियेला लागलेला आहे. माझं मत असं की ही कविता घराबद्दल आशा ठेवते आणि माणसाबद्दल हळहळते. दाराचा ‘अजून’ हा त्याच्या ‘मारत नाही’चा परिणाम आहे, आणि हे त्याला स्वतःला दिसत नाही. आपल्याला दिसतं.

सुमनने शेवटी आपलं वाक्य खोडून नवं लिहिलं: ‘आशा आहे, पण ती त्याने वापरलेली नाही.’ वैजूने लिहिलं: ‘उदास आहे, पण दारामुळे नाही.’ ‘कुणीतरी’चं काय करायचं यावर मात्र दोघी निघेपर्यंत बोलत होत्या. वैजूचा आग्रह होता की तो शब्द फक्त तिच्याच वाचनात बसतो, आणि माझ्या मांडणीतही त्याला नीट जागा नाही. तिचं हे म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.